उंट उठेनात

दिवस कलायला आलेला. एक फकीर चाळीस सोबत्यांसह अजमेरात येतो आणि एका झाडाखाली अंग टेकतो. तेवढ्यात राजाचे उंटवाले उंट घेऊन परततात आणि म्हणतात, इथून उठा, ही जागा राजाच्या उंटांची आहे, उंट इथेच बसतात. फकीर वाद घालत नाही. बरं, बसू देत उंट, एवढंच म्हणून तो सोबत्यांना उठवतो आणि आनासागर तलावाच्या काठी जाऊन मुक्काम करतो. सकाळी उंटवाले उंटांना उठवायला जातात, तर उंट जमिनीला चिकटल्यासारखे बसून राहिलेले. ओढून पाहिलं, मारून पाहिलं, उंट काही उठेनात.

ख्वाजा मोईनुद्दीन चिश्ती यांच्या अजमेरच्या आगमनाची ही गोष्ट. दर्ग्याच्या परिसरात ती कुणीही सांगेल, आणि जो सांगेल तो उंटांपाशी हमखास थांबून हसेल. ती एवढ्यावर संपत नाही. खरा सामना पुढे आहे आणि तो उंटवाल्यांशी नसून देवळांच्या पुजाऱ्यांशी आहे.

तलावाच्या काठी तेव्हा पुष्कळ देवळं होती. परका माणूस आपल्या पाण्यावर हातपाय धुतो, तिथेच नमाज पढतो, हे पुजाऱ्यांना खपलं नाही. ते जमाव करून आले. फकिराने मूठभर माती उचलून फुंकर घातली आणि ती ज्यांच्यावर पडली ते जागीच खिळले. मग मंडळींनी आपला मुख्य पुढे केला. त्याचं नाव शादी देव. काहींच्या सांगण्यात तो पुजारी असतो, काहींच्या सांगण्यात चक्क देवळातला देव. तो फकिरासमोर येताच थरथरला आणि त्याच्याच पायाशी बसला. पुढे पाण्यावरून अडवणूक झाली, तेव्हा फकिराने शादी देवालाच एक प्याला देऊन तलावावर पाठवलं. त्या एका प्याल्यात अख्खा आनासागर आला. गावातल्या विहिरी आटल्या, दुभत्या जनावरांचं दूध आटलं, लेकुरवाळ्या बायांचंही आटलं.

आता गावाने शेवटचा मोहरा काढला, तो अजयपाल जोगी. तो शेकडो चेल्यांसह आला, जादूची चक्रं फेकली, साप सोडले. फकिराने सोबत्यांभोवती जमिनीवर रेघ ओढली होती, तिच्या आत काहीच येऊ शकलं नाही. शेवटी जोग्याने मृगाजिन हवेत टाकलं, त्यावर बसला आणि आकाशात दिसेनासा झाला. फकिराने आपल्या खडावांकडे पाहिलं. खडावा उडाल्या, वर गेल्या आणि जोग्याच्या डोक्यावर फटाफटा वाजत त्याला खाली घेऊन आल्या. जोगी शरण आला, मुसलमान झाला. प्याल्यातलं पाणी तलावात परत ओतलं गेलं.

गोष्ट म्हणून ही फक्कड आहे. उंट, प्याला आणि खडावा या तिन्ही वस्तू एकदा ऐकल्या की विसरत नाहीत. आणि नेमकी याच कारणाने ती आज दोन टोकांच्या माणसांच्या कामी येते. एकाला तिच्यात आपल्या संतापुढे झुकलेले पुजारी दिसतात, दुसऱ्याला त्याच प्रसंगात जुना अपमान दिसतो. दोघेही एक गोष्ट मात्र मुकाट्याने धरून चालतात, ती म्हणजे हे असं घडलं होतं. मला ही गोष्ट वेगळ्या अंगाने पाहावीशी वाटते. ती प्रथम कुणी लिहिली, आणि कधी?

ख्वाजांचं निधन १२३६ सालचं. वर सांगितलेली उंट, प्याला, जोगी अशी भरगच्च गोष्ट ‘सियर-उल-अक्ताब’ या फारसी ग्रंथात मिळते. अल्लाहदिया चिश्ती यांनी तो १६४७ च्या सुमारास, म्हणजे शाहजहानच्या राज्यात पुरा केला. मधे चारशेहून अधिक वर्षं गेली. शिवाजी महाराजांच्या बालपणी घडलेली एखादी घटना आज कुणी पहिल्यांदा तपशीलवार लिहून काढावी, तितकं हे अंतर आहे.

मग त्या चारशे वर्षांत काय लिहिलं गेलं? सूफींच्या लेखनाचे दोन प्रकार इथे माहीत असायला हवेत. एक ‘मलफूजात’, म्हणजे गुरूच्या बैठकीत बसून शिष्याने टिपलेलं बोलणं, बहुधा तारीखवार. दुसरा ‘तजकिरा’, म्हणजे संतांच्या चरित्रांचा संग्रह, आपल्याकडच्या महिपतींच्या ‘भक्तविजया’सारखा. पहिल्या प्रकारात माणूस समोर बसलेला असतो. दुसऱ्या प्रकारातला माणूस बहुतेक वेळा केव्हाच कबरीत गेलेला असतो, आणि लिहिणारा त्याच्या कीर्तीच्या उजेडात लिहीत असतो.

मलफूजातांमध्ये सर्वांत मानाचं पुस्तक ‘फवाइद-उल-फुआद’. दिल्लीचे निजामुद्दीन औलिया हे चिश्ती परंपरेतच ख्वाजांच्या पुढच्या पिढ्यांतले. त्यांच्या १८८ बैठकी अमीर हसन सिज्जी या कवीने १३०८ ते १३२२ या काळात टिपल्या. हा अमीर हसन पुढे मुहम्मद तुघलकाच्या राजधानी-बदलात दौलताबादला आला आणि तिकडेच वारला. त्याची कबर आपल्या खुलताबादला आहे. औरंगजेबाची कबर पाहायला जाणारे बहुतेक लोक तिच्याजवळून न बघता जातात. या पुस्तकात ख्वाजा मोईनुद्दीनांविषयी काय आहे? जवळजवळ काहीच नाही. एखादा ओझरता उल्लेख, तोही दुसऱ्या कुणाच्या संदर्भात. ज्याच्या खडावांनी आकाशातून जोगी उतरवला, त्या आपल्याच परंपरेच्या आदिपुरुषाबद्दल निजामुद्दीनांसारख्या गोष्टीवेल्हाळ माणसाने चौदा वर्षांच्या बैठकींत ती गोष्ट सांगू नये, हे पटत नाही. त्या काळी ती त्यांच्या कानावर आलेली नसावी, हा अंदाज जास्त सोपा.

चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमीर खुर्दने ‘सियर-उल-औलिया’ लिहिलं. (हाही काही काळ दौलताबादला होता. दख्खनची हवा या लेखकांना मानवली असावी.) त्यात ख्वाजा अजमेरात येतात आणि राजा पिथोराशी, म्हणजे पृथ्वीराज चौहानाशी, त्यांचा खटका उडतो. राजाने त्यांच्या एका अनुयायाला छळलं, ख्वाजांनी रदबदली केली, राजाने धुडकावलं, आणि ख्वाजांच्या तोंडून शाप निघाला की पिथोराला आम्ही जिवंत धरून दिला. म्हणजे इथे मुख्य सामना राजाशी आहे. पुढच्या काळातल्या त्या भरगच्च नाट्याचा अजून पत्ता नाही. शिवाय ताराइनच्या ११९२ सालच्या लढाईआधी ख्वाजा अजमेरात पोचले होते की नंतर, यावरच अभ्यासकांत एकमत नाही. नंतर आले असतील तर पिथोराची गाठ पडण्याचाच प्रश्न मिटतो.

मधल्या काळात अजमेर बदललं. अकबर एकदा शिकारीला गेला असताना गाणाऱ्यांच्या तोंडून त्याने ख्वाजांची महती ऐकली आणि १५६२ मध्ये तो पहिल्यांदा दर्ग्याला आला. सलीमचा जन्म झाल्यावर नवस फेडायला १५७० मध्ये तो आग्र्याहून अजमेरपर्यंत पायी चालत गेला. त्याने दिलेली प्रचंड देग, म्हणजे अन्न शिजवायची कढई, आजही तिथे आहे. शाहजहानने संगमरवरी मशीद बांधली आणि त्याची मुलगी जहानआरा हिने १६४० च्या आसपास ख्वाजांचं चरित्र लिहिलं. सुरुवातीची साधी कबर आता साम्राज्याचं तीर्थक्षेत्र झाली होती. एवढ्या मोठ्या तीर्थाला साजेशी आगमनकथा हवीच, आणि ती नेमकी याच पिढीत पूर्ण रूपात कागदावर उतरते. पी. एम. करी या अभ्यासकाने १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात हे थर एकेक करून उलगडले आहेत. त्यातला ढोबळ हिशेब लक्षात ठेवण्याजोगा आहे. घटनेपासून जितकं दूर जावं, तितके चमत्कार वाढत जातात.

पण म्हणून गोष्ट खोटी ठरवून बाजूला टाकायची का? तसं केलं तर तिच्यातला सर्वांत मजेदार भाग हातचा जाईल. अजयपाल कोण, ते पाहा. अजमेरचं जुनं नाव अजयमेरू. चौहान राजा अजयराज याने ते वसवलं, आणि आनासागर हा तलाव त्याच्या मुलाचा, अर्णोराज ऊर्फ आनाजीचा, बाराव्या शतकातला. स्थानिक हिंदू दंतकथेत शहर वसवणाऱ्या राजाचं नाव अजयपाल असंच येतं. म्हातारपणी राज्य सोडून तो जवळच्या डोंगरात जाऊन तपस्वी झाला, असं लोक सांगतात, आणि त्या डोंगरात त्याचं देऊळ आहे. म्हणजे दर्ग्याच्या गोष्टीत फकिरासमोर शरण येतो तो कुणी सोम्यागोम्या मांत्रिक नाही. शहराचा संस्थापकच आपल्या शहराची किल्ली पाहुण्याच्या हातात ठेवतो.

एकदा हे दिसलं की बाकीचे तपशीलही बोलू लागतात. गोष्टीतलं भांडण धर्मसिद्धांतावरून होत नाही. ईश्वर एक की अनेक, मूर्ती हवी की नको, असला एकही प्रश्न कुणी विचारत नाही. भांडण होतं ते बसायच्या जागेवरून आणि पाण्यावरून. नव्या गावात बिऱ्हाड टाकलेल्या कुणालाही हे ओळखीचं वाटेल. आधी ‘इथे बसू नका, ही आमची जागा’, मग ‘या पाण्याला हात लावू नका’, आणि सगळ्यात शेवटी ‘तुम्ही कोण?’ गोष्टीने तिन्ही प्रश्नांना त्याच क्रमाने उत्तर दिलं आहे. जागेला उत्तर उंटांनी दिलं, पाण्याला प्याल्याने, आणि शेवटच्या प्रश्नाला खडावांनी. आनासागरच्या काठच्या टेकडीवर ख्वाजांचा चिल्ला, म्हणजे चाळीस दिवसांच्या एकांताची जागा, आजही दाखवतात. अशा जागेला ‘इथे का?’ याचं उत्तर लागतं, आणि ते गोष्टीतूनच मिळतं.

आणखी एक प्रश्न उरतो. पुजारी एवढे जमाव करून आले, तर शेवटी सामन्याला जोगी का लागला? कारण सरळ आहे. देवळाच्या पुजाऱ्याचा अधिकार त्याच्या कुळातून आणि विधीतून येतो. तो परक्याला दाखवता येत नाही, दाखवायची गरजही नसते. जोग्याचा अधिकार साधनेतून येतो, आणि सूफीचाही तसाच. दोघांना गुरू लागतो, दोघे श्वासावर ताबा मिळवतात, उपास करतात, दोघांच्या मठीत येणाऱ्या-जाणाऱ्याला भाकरी मिळते. खेड्यातल्या बाईला मूल होत नसलं तर ती दोघांच्याही दारात जाते. दुकान समोरासमोर आणि माल सारखा, म्हणजे चढाओढ आलीच. म्हणून मंदिराचा पुजारी या गोष्टींत बहुधा तक्रारदार असतो, आणि दोन हात करायला नाथपंथी जोगी येतो.

हवेत उडण्याची स्पर्धाही अजमेरची नवीन कल्पना नव्हे. ज्या ‘फवाइद-उल-फुआद’मध्ये ख्वाजांबद्दल काही नाही, त्याच पुस्तकात ती तीन शतकं आधी लिहिलेली सापडते, पण गाव वेगळं. सिंधूच्या खोऱ्यातल्या उच या गावी शेख सफीउद्दीन गाजरूनी यांच्याकडे एक जोगी आला. वाद झाला, आणि शेख म्हणाले, दावा तुझा, तर आधी तूच काही करून दाखव. जोगी जमिनीवरून सरळ वर उठला, छताला डोकं टेकेपर्यंत गेला आणि तसाच सरळ खाली आला. शेखांनी मनोमन प्रार्थना केली, आणि ते उडाले तेव्हा आधी मक्केच्या दिशेला गेले, मग उत्तरेला, मग दक्षिणेला, आणि जागेवर परत आले. जोग्याने पाय धरले. मला फक्त सरळ वर जाता येतं, डावीकडे-उजवीकडे वळता येत नाही, हे त्याने कबूल केलं.

किती नेमका टोमणा आहे पाहा. जोग्याला शक्ती आहे, हे सांगणारा मान्य करतो. तो ढोंगी आहे असं म्हणत नाही. फक्त त्याची शक्ती कमावलेली, म्हणून मोजकी, आणि शेखाची मिळालेली, म्हणून मोकळी. साधनेने छतापर्यंत जाता येतं, कृपेने चारी दिशांना. पुढे हीच कल्पना अजमेरच्या गोष्टीत शिरली तेव्हा शेखाला स्वतः उडावंही लागलं नाही. त्याच्या पायातल्या खडावाच पुरेशा झाल्या.

आता त्याच पुस्तकातली दुसरी भेट. निजामुद्दीन सांगतात की तरुणपणी ते आपले गुरू बाबा फरीद यांच्या अजोधनच्या मठीत असताना तिथे एक जोगी आला. त्यांनी त्याला विचारलं, तुमच्या मार्गात मुख्य गोष्ट कोणती? जोगी म्हणाला की माणसाच्या देहात दोन जगं आहेत. डोक्यापासून बेंबीपर्यंतचं वरचं जग आणि बेंबीपासून पावलांपर्यंतचं खालचं जग. वरच्या जगात सत्य, निर्मळपणा, चांगली वागणूक आणि लोकांशी सौजन्य यांचा कारभार चालावा. खालच्या जगावर पहारा ठेवावा, ते स्वच्छ आणि संयमात राखावं. त्याचं हे बोलणं मला आवडलं, असं निजामुद्दीन म्हणतात, आणि पुढच्या विषयाकडे वळतात.

या दोन प्रसंगांसाठीच मी इतका वेळ घेतला. पुस्तक एक, सांगणारा एक, लिहून घेणारा एक. कित्येक पिढ्यांपूर्वी होऊन गेलेल्या आणि केवळ ऐकीव अशा शेखाच्या भेटीत माणसं छताला टेकतात. सांगणारा स्वतः हजर होता त्या भेटीत कुणी उडत नाही, कुणी हरत नाही, कुणी धर्म बदलत नाही. जोगी येतो, जेवतो, दोन शहाणपणाचे शब्द बोलतो आणि आपल्या वाटेने जातो. तो पुढे कुठे गेला, याचीही कुणाला चौकशी नाही. अशा भेटी शेकड्यांनी घडल्या असणार, आणि त्यांची गोष्ट होत नाही, कारण तिच्यात पडायला कुणी नाही. गोष्टीला पडणारा माणूस लागतो.

कोण पडतो, हे मात्र गोष्ट कुणाच्या ओसरीवर सांगितली जाते त्यावर ठरतं. हे मराठी माणसाला वेगळं समजावून सांगायला नको. वाघावर बसून, हातात सापाचा चाबूक घेऊन चौदाशे वर्षांचे चांगदेव आळंदीला येतात, आणि ज्ञानेश्वर भावंडांसह भिंतीवर बसून ती भिंत चालवत त्यांना सामोरे जातात. लहानपणी ही गोष्ट ऐकताना मला वाटे की ही फक्त आपली. पुढे कळलं की तुर्कस्तानातही ती जशीच्या तशी आहे. तेराव्या शतकातले हाजी बेक्ताश यांना भेटायला सय्यद महमूद हैरानी सिंहावर बसून, सापाचा चाबूक घेऊन निघतात, आणि बेक्ताश जवळच्या खडकावर बसून तो खडक चालवत पुढे येतात. जिवंत प्राण्यावर कुणीही स्वार होईल, निर्जीव दगड चालवणं अवघड, हा मुद्दाही तोच. वाघावर स्वार व्हावं की भिंतीवर, अशाच नावाचा एक निबंध सायमन डिग्बी यांनी हिंदुस्थानी सूफी दंतकथांवर १९९४ मध्ये लिहिला. सूफींच्या गोष्टींत ही भिंत कुठून कुठून चालत गेली, ते त्यात वाचायला मिळतं.

वाघ-भिंतीच्या गोष्टीत येणारा हरतो आणि घरचा जिंकतो. म्हणून ती आळंदीत शोभते, बेक्ताशांच्या गावात शोभते. ती मुळापासून वस्ती केलेल्यांची गोष्ट आहे. याच्या नेमकी उलट गोष्ट दुधाच्या भांड्याची. गुरू नानक मुलतानला पोचतात तेव्हा तिथले पीर काठोकाठ भरलेलं दुधाचं भांडं घेऊन सामोरे येतात. अर्थ असा की गावात साधुसंत आधीच भरलेत, तुम्हाला जागा नाही. नानक त्यावर चमेलीचं फूल ठेवतात. दूध सांडत नाही, वास मात्र पसरतो. भाई गुरदास यांच्या पहिल्या वारेत हा प्रसंग आहे, आणि गुरदास वारले १६३६ मध्ये. म्हणजे ही नोंद अजमेरच्या त्या ग्रंथाच्या थोडी आधीची. पारशी लोक हेच दूध संजाणच्या राजाच्या हाती देतात आणि फुलाऐवजी साखर घालतात. पण संजाणच्या आगमनाची जुनी फारसी हकीकत, १५९९ ची ‘किस्सा-ए-संजाण’, तिच्यात दुधाचा थेंब नाही. साखर मागाहून विरघळली.

दुधाच्या गोष्टीत येणारा जिंकतो, पण कुणाचं काही न सांडता. ही पाहुण्यांची गोष्ट. तिच्यात एक गोड कबुली आहे की भांडं तुमचंच, आम्हाला वरच्या वर राहू द्या. अजमेरची गोष्ट या दोन्हींच्या मधली आहे आणि म्हणून अवघड आहे. तिच्यात येणारा पाहुणा आहे, पण सांगणारे पाहुणे राहिलेले नाहीत. ते सांगतात तेव्हा शहर दर्ग्याच्या नावाने ओळखलं जातं आणि बादशहा पायी चालत येतो. म्हणून इथलं भांडं भरलेलं नसून रिकामं आहे, आणि त्यात सगळा तलाव मावतो. दुधाचं भांडं थोडी जागा मागतं. हा प्याला पाण्याचा ताबा घेतो, आणि मग तेच पाणी उदारपणे परत देतो. देणारा बदलला, एवढाच फरक.

कुठल्याही गावच्या पिराची किंवा महाराजांची आगमनकथा ऐकली की मी आता मनाशी तीन-चार गोष्टी चाचपून पाहतो. हरणारा कोण आहे आणि त्याचं नाव गावाच्या जुन्या इतिहासात कुठे येतं? भांडण कुठल्या वस्तूवरून आहे, आणि ती विहीर, ते झाड, तो ओटा आज कुणाच्या ताब्यात आहे? हीच गोष्ट दुसऱ्या गावात दुसऱ्याच्या नावावर सांगतात का? आणि जमलंच तर, ती पहिल्यांदा कुठल्या साली कागदावर आली? यांतून त्या संताबद्दल फारसं कळत नाही. त्याच्यानंतर तिथे राहिलेल्या माणसांबद्दल मात्र पुष्कळ कळतं.

ख्वाजांच्या सावलीत खरोखर जगलेल्या माणसाचं एक चित्र आपल्याकडे आहे, आणि त्यात चमत्कार जवळपास नाहीच. त्यांचे शिष्य हमीदुद्दीन नागौरी हे नागौरजवळ सुवाल नावाच्या खेड्यात राहत. जमीन एक बिघा. तिचा अर्धा भाग एका हंगामात कसायचा, दुसरा पुढच्या हंगामात. बायको सूत कातायची, घरी एक गाय होती. राजस्थानी खेड्यातल्या कुठल्याही शेतकऱ्यासारखेच ते राहत, मांस खात नसत, आणि आपल्या मागे आपल्या नावाने मांस वाटू नका असं त्यांनी सांगून ठेवलं होतं. आजूबाजूच्या देवळांतल्या पुजाऱ्यांशी त्यांची गाठ पडत असेलच. विहिरीवर, बाजारात, पेरणीच्या दिवसांत पावसाकडे डोळे लावून बसलेले असताना. ती संभाषणं कुणी लिहून ठेवली नाहीत.

अजयपालाचं पुढे काय झालं, ते सांगायचं राहिलं. शरण आल्यावर ख्वाजांनी त्याला वर मागायला सांगितलं. त्याने अमरपण मागितलं. ते मिळालं, आणि त्याचं नाव अब्दुल्ला बयाबानी झालं. बयाबान म्हणजे ओसाड रान. तो अजून अजमेरच्या डोंगरांत फिरतो आणि रात्री वाट चुकलेल्याला रस्त्यावर आणून सोडतो, अशी श्रद्धा आहे. त्याच डोंगरात अजयपालाचं देऊळ आहे, आणि तिथे लोक त्याला शहराचा राखणदार म्हणून नारळ वाहतात. रात्री रानात वाट चुकलेला माणूस दोघांपैकी कुणाला हाक मारतो, ते त्याच्या आईने त्याला कुठली गोष्ट सांगितली होती त्यावर असतं. येणारा एकच असतो.